एआय चित्रं : कोण ठेवतं, कोण बघतं, कोण शिकतं – काही महिने वापरल्यावरचा अनुभव

फोंड्यात माझं डिझाइन आणि प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांचे बॅनर, चवथीच्या शुभेच्छा, आणि सीझनला नरकासुर नि शिगम्याच्या चित्ररथांची कच्ची चित्रं असं काम असतं. मिडजर्नी, चॅटजीपीटी आणि जेमिनी ही तिन्ही मी बरेच महिने पैसे भरून वापरतोय. चित्रं कशी येतात यावर रिव्ह्यू ढीगभर आहेत त्यामुळे तो विषय सोडतो. मला गिऱ्हाईक जे विचारतं त्यावरच लिहितो, "भाई, हे चित्र दुसऱ्या कोणाला दिसणार नाही ना?"

या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची बटणं वेगवेगळी. चित्र नि प्रॉम्प्ट, म्हणजे चित्रासाठी आपण लिहून दिलेलं वर्णन, कंपनीच्या सर्व्हरवर किती दिवस राहतो, तो इतर लोकांना दिसतो का, आणि पुढचं मॉडेल शिकवायला वापरला जातो का. एक बंद केलं म्हणून बाकीची दोन बंद होत नाहीत, आणि लोकांचा गोंधळ नेमका इथेच होतो. ट्रेनिंग बंद केलं की चित्र प्रायव्हेट झालं असं समजतात, किंवा चॅट डिलीट केला की सगळं पुसलं असं.

नरकासुराच्या पुतळ्याचंच उदाहरण घेतो कारण आपल्याकडे त्याच्याइतकं गुपित कशाचंच नसतं. दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत वाड्यावरची पोरं ताडपत्री लावून शेडमध्ये काम करतात, शेजारच्या वाड्यातल्याला आत डोकावू देत नाहीत, स्पर्धेचं बक्षीस असतं ना. अशाच एका ग्रुपला यंदा वेगळा चेहरा हवा होता, डोळे फिरणारे, चार हात, मागे रथाचं चाक. पोरांनी थीम, मापं, कुठला हात हलणार हे सगळं सांगितलं, आणि तेच प्रॉम्प्टमध्ये जाणार होतं.

मिडजर्नीत हे करायचं तर पहिली गोष्ट ही की तिथे तुम्ही केलेलं चित्र मुळातच पब्लिक असतं. ही काही लपवलेली गोष्ट नाही, त्यांच्या अटींमध्ये स्वच्छ लिहिलंय की चित्रं इतर युजरना दिसतात आणि ते ती घेऊन रीमिक्स करू शकतात. चित्रासोबत प्रॉम्प्टही दिसतो, आणि माझ्या मते चित्रापेक्षा तोच जास्त धोक्याचा, कारण चित्र बघून कल्पना ओझरती कळते पण प्रॉम्प्टमध्ये ती आयती लिहून ठेवलेली असते. लपवायचं असेल तर Stealth नावाचा मोड आहे, पण तो फक्त प्रो आणि मेगा प्लानला, म्हणजे महिन्याला 60 डॉलरपासून पुढे. 10 डॉलरचा बेसिक नि 30 डॉलरचा स्टँडर्ड घेणाऱ्याला तो मिळतच नाही. पैसे भरतो म्हणजे प्रायव्हेट असणारच ही समजूत इथे साफ चुकते.

दुसरी समजूत डिस्कॉर्ड या चॅट ॲपमधून मिडजर्नी वापरणाऱ्यांची. मिडजर्नीच्या बॉटशी डायरेक्ट मेसेजमध्ये बोललं की कोणाला दिसत नाही असं बरेच जण सांगतात. चॅनेलमधल्या लोकांना दिसत नाही हे खरं, पण चित्र वेबसाइटवर तुमच्या नावाखाली असतंच. आणि उलटंही आहे, Stealth चालू करून पब्लिक चॅनेलमध्ये चित्र काढलं तर तिथे बसलेली सगळी मंडळी बघणारच, मोडचा तिथे उपयोग नाही. म्हणजे Stealth पण हवा आणि जागाही खासगी हवी, नाहीतर सरळ वेबसाइटवर काम करायचं.

बघायचं कुठे, तर डिस्कॉर्डवर या कमांड आहेत:

```
/info
/stealth
/public
```

पहिल्या कमांडने तुमचा प्लान आणि Visibility Mode दिसतो, बाकी दोन मोड बदलायला. वेबसाइटवर प्रॉम्प्टच्या पट्टीतल्या सेटिंगच्या चिन्हात Stealth सापडतं. पण मी सेटिंगवर कधीच विसंबत नाही, तपासून बघतो. गुपित कामाला हात लावायच्या आधी एक फालतू चित्र काढायचं, फणसाचं काढा नाहीतर माटोळीचं, त्याची लिंक कॉपी करायची आणि ज्याच्याकडे आपलं लॉगिन नाही अशा दुसऱ्याच्या अकाउंटवरून उघडायची. उघडलं तर खऱ्या कामाचंही उघडणार. पोरांसमोरच हे केलं, मित्राच्या फोनवर माझी माटोळी प्रॉम्प्टसकट उघडली आणि ग्रुपच्या म्होरक्याने लगेच सांगितलं, "भाई, हांगा नाका." मी तेव्हा स्टँडर्डवर होतो. एका नरकासुरासाठी प्रो घेणं परवडणारं नव्हतं म्हणून ते काम मिडजर्नीत केलंच नाही.

Stealth घेतला तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. अटींमध्ये शब्द आहेत ते चित्र प्रसिद्ध न करण्याचा पुरेपूर प्रयत्न करू असे, हमी देतो असे नाहीत. आणि तुमच्या प्रॉम्प्ट नि चित्रांवर कंपनीला जे लायसन्स मिळतं ते कायमचं नि मागे न घेता येणारं आहे, खातं बंद केलं तरी राहतं. Stealth हा फक्त दिसण्याचा पडदा आहे. ट्रेनिंगमधून बाहेर पडायचं बटण मला तिथे दिसलं नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या मुलाचा फोटो रेफरन्स म्हणून मी तिथे टाकत नाही, कितीही चांगलं चित्र येवो.

इतर फ्री टूलचंही साधारण असंच असतं बरं का. लिओनार्दो आणि आयडिओग्राम यांच्या फ्री प्लानमध्ये चित्रं पब्लिक, प्रायव्हेट हवं तर पैसे. फ्री टूलच्या होमपेजवर लोकांच्या चित्रांची गॅलरी दिसली की उद्या आपलंही तिथे असेल असं धरूनच चालायचं.

चॅटजीपीटीत गोष्ट उलटी आहे. तिथे पब्लिक गॅलरी नाही, चित्र तुमच्याच खात्यात राहतं, पण ट्रेनिंगचं बटण पर्सनल खात्याला आधीपासून चालू असतं, पैसे भरून प्लस प्लान घेतला तरी. प्रोफाइलवर जा, Settings, मग Data controls, तिथे Improve the model for everyone. ते बंद करा. बंद केल्यानंतरच्या चॅटना ते लागू होतं, आधीच्या चॅटचं काही परत येत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी करा. बिझनेस नि एन्टरप्राइझ खात्यांना हे मुळातच बंद असतं.

आता हे बंद केलं म्हणून हिस्टरी जात नाही हं. चॅट तसाच राहतो, चित्रांच्या पानावर चित्रं तशीच दिसतात, आणि दुकानात एकच लॉगिन तिघे वापरत असाल, आमच्याकडे आहे तसं, तर कामाला ठेवलेल्या पोराला सगळ्या गिऱ्हाइकांची चित्रं दिसतात. लोक सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीची काळजी करतात, शेजारच्या खुर्चीची करत नाहीत. चॅट डिलीट केला तर तो तुमच्यासमोरून लगेच जातो, त्यांच्या सिस्टिममधून 30 दिवसांच्या आत, कायदा किंवा सुरक्षेचं कारण असेल तर त्याहून जास्तही राहू शकतो. गुपित कामाला मी टेम्पररी चॅट वापरतो, तो हिस्टरीत येत नाही, ट्रेनिंगला जात नाही, आणि 30 दिवसांनी पुसला जातो. एक त्रास असा की विंडो बंद झाली की परत त्यावर येता येत नाही, म्हणून चित्र आलं की लगेच डाउनलोड करा.

एक बारीक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. ट्रेनिंग बंद असतानाही चित्राखालचा अंगठा वर किंवा खाली दाबलात तर तो फीडबॅक धरला जातो आणि त्याच्यासोबतचं सगळं संभाषण वापरलं जाऊ शकतं. आपल्याला सवयच असते अंगठा दाबायची. गिऱ्हाइकाच्या कामात अंगठ्याला हात लावायचा नाही एवढं मी दुकानात सांगून ठेवलंय.

शेअर लिंक हा आणखी एक दरवाजा. चॅटची लिंक करून गिऱ्हाइकाला पाठवणं सोपं पडतं, पण ती लिंक ज्याच्या हाती जाईल त्याला दिसते. 2025 मध्ये लोकांनी शेअर केलेले चॅट गुगल सर्चमध्ये सापडायला लागले होते, कारण शेअर करताना ते शोधात दिसू द्यायचा एक पर्याय होता, नंतर ओपनएआयने तो पर्यायच काढून टाकला. जुन्या लिंका Data controls मध्येच Shared links खाली सापडतात, काम झालं की तिथून उडवा. मी तर आता चित्र डाउनलोड करून व्हॉट्सॲपवर पाठवतो, लिंक करतच नाही.

जेमिनीचं थोडक्यात सांगतो. सेटिंगमध्ये Activity मध्ये जायचं, आधी त्याला Gemini Apps Activity म्हणायचे, आता Keep Activity झालंय. चालू असेल तर सगळं 18 महिने राहतं, ते 3 किंवा 36 महिने करता येतं. बंद केलं तरी 72 तास ठेवतातच. मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे काही चॅट माणसं वाचतात, आणि असे वाचलेले चॅट तुम्ही ॲक्टिव्हिटी पुसली तरी 3 वर्षांपर्यंत राहू शकतात, खात्यापासून वेगळे करून ठेवलेले. गुगल स्वतःच सांगतं की रिव्ह्यूअरने बघू नये असं वाटतं ते टाकू नका. म्हणून लग्नपत्रिकेचा मजकूर, नावं, पत्ता, फोन नंबर मी तिथे टाकत नाही. चित्र नुसतं काढून घेतो आणि अक्षरं कोरलमध्ये टाकतो, तशी ती एआयपेक्षा बरीही दिसतात.

शेवटी नरकासुर मी दुकानातल्या पीसीवर स्टेबल डिफ्यूजन टाकून केला. चित्र आपल्याच मशीनवर तयार होतं, बाहेर काही जात नाही, ना गॅलरी ना ट्रेनिंग. फक्त स्लो आहे नि ग्राफिक्स कार्ड बरं लागतं. पण इथे एक वेगळीच गंमत आहे, स्टेबल डिफ्यूजन चालवणारे ऑटोमॅटिक1111 सारखे प्रोग्राम पीएनजी फाइलच्या आतच प्रॉम्प्ट लिहून ठेवतात, कम्फीयूआय तर अख्खा वर्कफ्लो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर फाइल दाबली जाते आणि ते उडतं, पण क्वालिटी जाऊ नये म्हणून आपण डॉक्युमेंट म्हणून पाठवतो तेव्हा प्रॉम्प्टही सोबत जातो. वेल्डिंगवाल्याला फाइल द्यायच्या आधी, फाइलमधली अशी माहिती दाखवणाऱ्या नि पुसणाऱ्या exiftool या प्रोग्रामने हे चालवलं:

```
exiftool narkasur.png
exiftool -all= narkasur.png
```

पहिल्या ओळीने आत काय आहे ते दिसतं, Parameters समोर पोरांनी सांगितलेलं सगळं, हलणाऱ्या हातासकट. दुसरी पुसते, आणि मग पहिली परत चालवून Parameters ची ओळ गेलीय ना ते बघायचं. पुसताना मूळ फाइल त्याच फोल्डरमध्ये `_original` शेपटी लावून राहते, पाठवताना ती जाऊ देऊ नका.