लघवीत जंतू: सुनेला गोळ्या, सासूबाईंना नकोत

परभणीच्या मावशींपुढे दोन रिपोर्ट. गरोदर सून आणि सत्तरीच्या सासूबाई, दोघींच्या लघवीत ई. कोलाय, मिलीलीटरमागे 1 लाखावर. जळजळ, ताप कुणालाच नाही. मग गोळ्या दोघींना द्यायच्या का?

धोका बघा. गरोदरपणात हे जंतू वर किडनीपर्यंत चढू शकतात, म्हणून त्रास नसतानाही सुनेला डॉक्टर बाळाला चालणारं अँटिबायोटिक देतात, साधारण 4 ते 7 दिवस.

सासूबाईंचं उलट. या वयात असे जंतू बऱ्याच बायकांत निवांत राहतात. मारले तरी परततात, वर जुलाब लागतात आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. नुसता वास आला म्हणून गोळी नको. मराठवाड्याच्या उन्हात पाणी कमी पडलं तरी वास येतो. नवी जळजळ, थंडीताप किंवा कुशीत दुखणं सुरू झालं, तर मात्र लगेच दवाखाना.