अमोनियाची दुहेरी विहीर: 2×2 मॅट्रिक्स की ग्रिड?

एम.एस्सी.च्या सेमिनारला अमोनिया घ्यायचा ठरला की प्रश्न येतो: नायट्रोजन हायड्रोजनच्या प्रतलाच्या 'वर' आणि 'खाली' अशा दोनच स्थिती धरून 2×2 मॅट्रिक्स मांडायचा, की दुहेरी विहिरीचं विभव घेऊन श्रोडिंगर समीकरण ग्रिडवर सोडवायचं? मी नाशिकला शिकताना सेमिनार पहिल्यावर दिला. दुसरं नंतर गंगापूर रोडवरच्या खोलीत बसून केलं.

मॅट्रिक्स अर्ध्या पानात संपतो. कर्णाबाहेर −A ठेवला की पातळ्या E₀ ± A मिळतात. त्यांच्यातलं अंतर 2A, म्हणजे 0.79 सेमी⁻¹. तेच 23.8 गिगाहर्ट्झ, सुमारे सव्वा सेंटिमीटर तरंगलांबीचं मायक्रोवेव्ह संक्रमण. वीजक्षेत्र लावायचं तर कर्णावर ±με घाला. वरची पातळी आणखी वर जाते, खालची खाली. 1954 च्या अमोनिया मेसरमध्ये वरच्या पातळीतले रेणू याच फरकाने वेगळे काढले होते. तुमचा विषय मेसर असेल तर ग्रिडच्या वाटेला जाऊ नका.

मला खटकलं ते एकच: A येतो कुठून? मापनातून उचललेला असतो. तोंडी परीक्षेत मला विचारलं, हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातला तर? माझ्या मॅट्रिक्समध्ये वस्तुमानच नव्हतं. ती गप्प राहिलेली दोन मिनिटं अजून आठवतात.

ग्रिडवर हे उत्तर आपोआप येतं. विभव V = ½kx² + b·exp(−cx²) घ्या. मध्ये साधारण 2000 सेमी⁻¹ उंचीचा अडथळा आणि ±0.38 अँगस्ट्रॉमवर तळ येतील असे k, b, c बसवा. NH₃ साठी वस्तुमान 2.49 u घाला, मग ND₃ साठी 4.22. वस्तुमान पावणेदोनपटही वाढत नाही, पण अडथळ्याखाली तरंग जास्त वेगाने विझतो, शिवाय शून्यबिंदू ऊर्जाही खाली उतरते. प्रत्यक्षात ND₃ चं विभाजन 0.053 सेमी⁻¹ आहे, पंधरापट लहान. NH₃ च्या त्याच गणितात पुढची जोडीही दिसते: 932 आणि 968 सेमी⁻¹, अंतर 36. अडथळ्याचा माथा जवळ आल्यामुळे ते तळच्या जोडीच्या 45 पट झालं.

ग्रिडचा त्रास आहेच. हजारांतल्या ऊर्जांमधून एकाहून लहान फरक काढायचा असतो, त्यामुळे 50 बिंदूंवरचा आकडा 400 वर टिकत नाही. बिंदू दुप्पट करून आकडा हलत नाही ना, ते पाहा. विभवात चुकून जरा तिरकेपणा राहिला तर तळची दोन तरंगफलं एकेका विहिरीत जाऊन बसतात. खालचं सममित आणि वरचं मधोमध शून्यातून जाणारं दिसलं पाहिजे.

वेळ एकाच रात्रीचा असेल तर मॅट्रिक्स घ्या, त्यात चूक काही नाही. दोन रात्री मिळत असतील तर मी ग्रिडच सुचवेन.