फुकटचं त्रिपिटक आणि महागात पडलेला 'पे॰'

पाली त्रिपिटकाच्या फुकट मिळणाऱ्या संगणकीय फाइलींवरचा हा अभिप्राय. आठ महिन्यांपूर्वी त्यांत केलेल्या पहिल्याच शोधाचं उत्तर आलं शून्य. संयुत्तनिकाय या बुद्धप्रवचनांच्या संग्रहात श्रावस्ती एकदाही नाही? चूक माझीच. छट्ठसंगायन आवृत्तीच्या या फाइली यूटीएफ-16 मध्ये आहेत, आणि शब्द शोधणारा grep बिचारा काही न बोलता रिकाम्या हाताने परततो. मग 'सावत्थियं', म्हणजे पालीत 'श्रावस्तीत', शोधणारं हे:

```
for f in s030[1-5]m.mul.xml; do iconv -f UTF-16 -t UTF-8 "$f"; done | grep -o 'सावत्थियं' | wc -l
```

आता आकडे आले, पण तुटपुंजे. मलालसेकरांच्या पाली नामकोशात चार निकायांतली 871 सुत्तं, म्हणजे प्रवचनं, श्रावस्तीतली म्हणून दिली आहेत, त्यांतली 736 एकट्या संयुत्तात. ती मोजणी संगणकाच्या आधीची. माझं यंत्र त्याच्या जवळपासही फिरकेना.

कारण 'पे॰'. पेय्याल, म्हणजे 'वगैरे मागच्यासारखंच'. पाठांतर करणाऱ्यांची आणि लेखनिकांची ही जुनी सोय. संयुत्तात वर्गाच्या पहिल्या सुत्तात स्थळ नीट सांगतात. पुढे नुसतं 'सावत्थिनिदानं', आणि कित्येकदा तेही नाही. शिवाय कुठे काय गाळायचं ते प्रत्येक आवृत्ती आपापलं ठरवते. म्हणजे मी बुद्धवचनातले शब्द मोजत नव्हतो, संपादकाने वाचवलेला कागद मोजत होतो. फुकटच्या मालातही 'पे' करावंच लागतं, हा विनोद मी घरात इतक्यांदा केला की आता कोणी हसत नाही.

मूळ 'सावत्थि' शोधलं तर उलटं होतं. भिक्षेला 'सावत्थिं' गावात शिरलेला भिक्खूही मोजला जातो, आणि .att फाइली चुकून आत राहिल्या तर अट्ठकथा, म्हणजे नंतरच्या टीकाही. शेवटी शब्द सोडून सुत्त हे एकक धरलं आणि मागचं स्थळ पुढच्या सुत्तांना हाताने लावत गेलो. एका वर्गाला आठवडा लागला. यंत्राने वेळ वाचतो म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार.

इथवर मी एक तारा देणार होतो. मग पाच-पाच सलग शब्दांचे तुकडे पाडून सगळी सुत्तं एकमेकांशी ताडली. मज्झिमनिकायातलं दहावं आणि दीघनिकायातलं बाविसावं सतिपट्ठान सुत्त जवळजवळ एकच निघालं. खूश झालो! पुढे पाली टेक्स्ट सोसायटीची छापील आवृत्ती पाहिली, तर तिथे मज्झिमात चार सत्यांचा लांबलचक विस्तार नाहीच. तो छट्ठसंगायनात आहे. शोध सुत्तांचा नव्हता, आवृत्तीचा होता. तरी तो खराच, आणि नुसत्या डोळ्यांनी मला कधीच लागला नसता. दोन तारे वाढवले.

सेमिनारला येताना मात्र श्रावस्तीचा आलेख काढून 'बुद्ध इथेच जास्त राहिले' असं कृपया लिहू नका. मूलसर्वास्तिवादी पंथाच्या विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, सरळ सांगितलंय की स्थळ विसरलात तर मोठ्या नगरांपैकी एखाद्याचं नाव घाला. ती पालीची परंपरा नव्हे, पण हे वाचल्यापासून 871 मधली किती सुत्तं विसराळू भिक्खूंची, ते कोणत्या आज्ञेने मोजायचं याच विचारात आहे.