लिंक्डइनवरून गिऱ्हाईक शोधणं : वर्षभर वापरल्यावर

परवा चाकणच्या एका मेंटेनन्स हेडचा स्वतःहून मेसेज आला, "रविवारी शटडाऊन आहे, येता का?" म्हणून आज लिहायला बसलो. मी कॉम्प्रेस्ड एअरची गळती शोधून देणाऱ्या कंपनीत सेल्सला आहे, आणि वर्ष होत आलं स्वतःच्या प्रोफाईलवरून हे करतोय, फ्री अकाउंटवर, खिशातला एक रुपया न घालता.

सगळ्यात आधी ती कनेक्शन रिक्वेस्टसोबतची नोट. फ्रीमध्ये 200 अक्षरं आणि तीही महिन्याला मोजक्याच जणांना, आणि सेल्सवाले त्यात कंपनी, प्रॉडक्ट, "15 मिनिटं वेळ द्याल का" सगळं कोंबतात. डोक्यात जातं माझ्या. अहो, ओळख नाही पाळख नाही आणि दारातच कोटेशन? समोरचा कशाला अ‍ॅक्सेप्ट करेल! पडून राहिलेली रिक्वेस्ट मागे घेतली तर त्याच माणसाला 3 आठवडे परत पाठवता येत नाही, ते वेगळंच.

चाकणच्या या साहेबांना मी नोट पाठवलीच नाही. वीजबिल कमी करायला कॉम्प्रेसरचं प्रेशर उतरवलं अशी त्यांची पोस्ट होती, तिथे एवढंच विचारलं की अनलोड टाइम, म्हणजे हवा न भरता कॉम्प्रेसर नुसता फिरतो तो वेळ, किती वाढला. म्हणाले, मोजला नाही. मग तिथेच लिहिलं, प्रॉडक्शन बंद असताना एकच कॉम्प्रेसर चालू ठेवा, लोड किती वेळ आणि अनलोड किती वेळ ते घड्याळ लावून बघा. 2 मिनिटं लोड आणि 6 मिनिटं अनलोड आलं तर 8 पैकी 2, म्हणजे त्या कॉम्प्रेसरची 25 टक्के हवा गळतीतच जातेय (व्हीएफडीवाल्या, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या मशीनला हा हिशोब चालत नाही). त्यानंतर कोरी रिक्वेस्ट टाकली, ती त्याच संध्याकाळी अ‍ॅक्सेप्ट झाली, आणि पुढे आकडे त्यांनीच इनबॉक्सला पाठवले. तेव्हा सांगितलं की 7 बारला 3 मिमीचं एक भोक साधारण साडेतीन किलोवॅट खातं, दिवसरात्र चालू असेल तर रोजचे 84 युनिट. रेट मी काढलाच नाही, त्यांनी विचारला तेव्हा सांगितला.

सुरुवातीला मला वाटायचं रोज पोस्ट टाकल्याशिवाय काही होत नाही, आता ते मत राहिलं नाही. आपल्या पोस्ट वाचतात ते बहुतेक दुसरे सेल्सवालेच. त्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या पोस्टवर नीट कॉमेंट केली की नावाखाली आपली हेडलाईन दिसते, आणि मोबाईलवर तिचे पहिले चारपाच शब्दच दिसतात, म्हणून "सेल्स इंजिनिअर" काढून "कॉम्प्रेसरची गळती शोधतो" केलं.

कंपनीतले साहेब लोक दर सोमवारी लिंक्डइनचा एसएसआय स्कोअर मागतात. 100 पैकी असतो तो, 25-25 चे चार भाग, आणि तुम्ही साईटवर काय काय करता ते मोजतो, ऑर्डर मोजत नाही. त्यावरून माणसाचं काम ठरवू नका, कळकळीने सांगतो.

भोसरीतल्या छोट्या युनिटचे मालक मात्र इथे सापडत नाहीत, त्यांच्याकडे अजूनही गेटवर जाऊनच उभं राहावं लागतं. पेड प्लॅन सध्या घेणार नाही. कंपनी पैसे देत असेल तर इनमेल, म्हणजे कनेक्ट नसलेल्या माणसाला थेट मेसेज, वापरून बघा, 90 दिवसांत उत्तर आलं तर क्रेडिट परत मिळतं, फक्त त्यातही आधी प्रश्न विचारा.