आलटून-पालटून वाक्ये की प्रसंगांची वाटणी?

इंदूरमधील आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीसाठी दोन विद्यार्थिनींनी निवेदन एकेक वाक्य आलटून-पालटून वाचावे की प्रसंग वाटून घ्यावेत, हा प्रश्न दरवर्षी येतो. पहिल्या पद्धतीत चैतन्य असते. परंतु संकलनात लेझीमचे दृश्य २० सेकंदांवरून १२ वर आले की मधले वाक्य गळते, एकीचीच दोन वाक्ये लागोपाठ येतात आणि क्रम मोडतो.

प्रसंग वाटले असतील तर अशी अडचण येत नाही. मिनिटाला सुमारे १२० शब्दांच्या वेगाने १२ सेकंदांत २४ शब्द बसतात. तरीही ‘मैदानावर आता पाचवीच्या मुली उतरल्या आहेत’ एवढेच ठेवून उरलेला वेळ लेझमांच्या छनछनाटाला द्यावा, असे मला मनापासून वाटते. हिंदी वातावरणात वाढलेल्या मुलींचा ‘ण’ कधीकधी ‘न’ होतो (आमच्याकडे हे नेहमीचेच आहे). अशा वेळी सुटे वाक्य नंतर जोडल्यास आवाजाची पातळी वेगळी पडते, म्हणून त्या प्रसंगाचा सबंध परिच्छेद पुन्हा ध्वनिमुद्रित करावा. आलटून-पालटून वाचन मी केवळ स्वागतासाठी राखून ठेवते, कारण तिथे दोन्ही आवाजांची ओळख व्हायला हवी.