गोल्ड ईटीएफ आणि गोल्ड फंड ऑफ फंड: वर्षभर दोन्ही वापरल्यावर

सॉव्हरिन गोल्ड बाँडची शेवटची विक्री फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली आणि त्यानंतर नवीन आलेच नाहीत. कागदावरचं सोनं दरमहा थोडं थोडं घ्यायचं तर आता बहुतेकांसमोर दोनच सोयीचे मार्ग उरतात. एक, डीमॅटमध्ये गोल्ड ईटीएफ घ्या, म्हणजे शेअरसारखी एक्सचेंजवर घेता-विकता येणारी सोन्याच्या फंडाची युनिटं. दुसरा, फंड ऑफ फंड घ्या, म्हणजे तुमचे पैसे घेऊन तोच ईटीएफ विकत घेणारा म्युच्युअल फंड. मी वर्षभराहून जास्त काळ हे दोन्ही बरोबरीने चालवतोय. मुद्दाम एकाच फंड हाउसचे घेतले, फंड ऑफ फंडचा वितरकाशिवायचा डायरेक्ट प्लॅन घेतला आणि दोन्हीकडे दरमहा सारखीच रक्कम टाकली. खालचं सोनं तेच असल्यामुळे जो काही फरक दिसेल तो फक्त वेष्टनाचा.

सुरुवात खर्चापासून, कारण सगळे तिथेच अडकतात. फंड ऑफ फंडच्या पानावर एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंडाचा वर्षाचा खर्च, ०.१५ टक्के दिसतो, ईटीएफच्या पानावर ०.५० दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं फंड ऑफ फंड स्वस्त. तसं नाही. तो ०.१५ हा वरचा खर्च आहे. फंड ज्या ईटीएफमध्ये पैसे ठेवतो त्याचा ०.५० आधीच ईटीएफच्या एनएव्हीतून, म्हणजे एका युनिटच्या हिशेबी किमतीतून, कापला जातो, त्यामुळे तुमच्या खिशातून एकूण ०.६५ जातात. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण मांडणी हीच. एक लाखाच्या सोन्यावर वर्षाला ईटीएफमध्ये ५०० रुपये, फंड ऑफ फंडमध्ये ६५०. रेग्युलर प्लॅन घेतलात तर त्यावर वितरकाचं कमिशन, म्हणजे आणखी पाव-अर्धा टक्का सहज.

हा खर्च कधीच बिल म्हणून समोर येत नाही, म्हणून तो जाणवत नाही. तो ग्रॅममध्ये बघितला की लक्षात राहतो. गोल्ड बीज हा भारतातला पहिला गोल्ड ईटीएफ, २००७ चा. सुरुवातीला एक युनिट म्हणजे एक ग्रॅम, नंतर डिसेंबर २०१९ मध्ये एकाची शंभर युनिटं झाली, म्हणजे कागदोपत्री युनिटमागे दहा मिलिग्रॅम. आज त्याच्या एनएव्हीला सोन्याच्या भावाने भागून बघा, साधारण सव्वाआठ मिलिग्रॅमच निघतं. उरलेलं गेल्या अठरा-एकोणीस वर्षांत खर्चापोटी गेलं. इतर कुठल्याही गोल्ड ईटीएफचं हेच होतं, फक्त वेग कमी-जास्त. म्हणून दोन ईटीएफ निवडताना मी एक्स्पेन्स रेशो बघतोच, पण ईटीएफ की फंड ऑफ फंड हे ठरवताना तो दीडशे रुपयांचा फरक निर्णायक वाटेनासा झालाय. का, ते खरेदीच्या स्क्रीनवर कळतं.

ईटीएफची एनएव्ही वेगळी आणि तुम्हाला बाजारात मिळणारा भाव वेगळा. फंड हाउसशी थेट व्यवहार करायला २५ कोटींच्या वरची रक्कम लागते, त्यामुळे आपण एक्सचेंजवर जो कोणी विकतोय त्याच्याकडूनच घेणार. समजा फंड हाउसच्या साइटवर त्या क्षणाची iNAV, म्हणजे सोन्याच्या चालू भावावरून काढलेली अंदाजी किंमत, ८० रुपये आहे. मार्केट डेप्थ उघडली तर घेणारा ७९.८५ ला उभा आणि विकणारा ८०.६० ला. मोठ्या, रोज भरपूर उलाढाल असलेल्या ईटीएफमध्ये ही दरी दोन-चार पैशांची असते. छोट्या ईटीएफमध्ये, त्यातही सकाळी बाजार उघडल्या उघडल्या, ती अशी पसरलेली दिसते. इथे कोणी मार्केट ऑर्डर, म्हणजे समोर असेल त्या भावाला लगेच घेणारी ऑर्डर, टाकली तर ८०.६० ला माल मिळतो, म्हणजे पाऊण टक्का जादा. पाच हजारांच्या खरेदीवर साडेसदतीस रुपये. फंड ऑफ फंडचा तो वरचा ०.१५ टक्का पाच हजारांवर वर्षाला साडेसात रुपये होतो. एका क्लिकमध्ये पाच वर्षांची बचत संपली.

त्यामुळे ब्रोकरच्या अ‍ॅपमधल्या ‘ईटीएफ एसआयपी’ सोयीबद्दल माझं मत फारसं बरं नाही. बऱ्याच ठिकाणी ती ठरलेल्या वेळी सरळ मार्केट ऑर्डर सोडते, समोर विकणारा कुठे उभा आहे हे न बघता. मी दहानंतर, दरी आवळली की, iNAV च्या आसपास लिमिट ऑर्डर लावतो, म्हणजे जास्तीत जास्त किती भाव देणार ते आधीच ठरवतो. मिळालं तर ठीक, नाहीतर दुपारी परत बघायचं. हे काम दोन मिनिटांचं असलं तरी दर महिन्याचं आहे, आणि ज्या महिन्यात सोनं धावत असतं त्या महिन्यात लिमिट लागतच नाही, मग भाव पाच पैशांनी वर सरकवत बसावं लागतं. फंड ऑफ फंडमध्ये ही कटकट शून्य. ई-मॅन्डेट एकदा मंजूर केला की ठरल्या तारखेला बँकेतून पैसे जातात आणि युनिटं अगदी दशांशापर्यंत मिळतात.

आता ट्रॅकिंग एरर. हा शब्द बहुतेक लोक ‘सोन्यापेक्षा किती मागे पडला’ या अर्थाने वापरतात. तो अर्थ ट्रॅकिंग डिफरन्सचा. ट्रॅकिंग एरर म्हणजे रोजच्या परताव्यातला फरक किती हेलकावे खातो त्याचं माप. एखादा ईटीएफ रोज अगदी इमानेइतबारे तेवढाच मागे राहत गेला आणि वर्षाला अर्धा टक्का कमी पडला, तर त्याचा ट्रॅकिंग एरर जवळजवळ शून्य दाखवेल. दुसरा कधी पुढे कधी मागे होत वर्षअखेर तिथेच पोचला, तर त्याचा एरर मोठा दिसेल, आणि दोघांच्या धारकांच्या हाती पडलं सारखंच. सेबीने वर्षभराच्या ट्रॅकिंग एररला २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि फंड हाउसना दोन्ही आकडे प्रसिद्ध करावे लागतात. दीर्घकाळ धरून ठेवणाऱ्याने डिफरन्सचा तक्ता आधी उघडावा, एक वर्षाचाही आणि तीन वर्षांचाही.

माझ्या दोन खात्यांत फंड ऑफ फंडची एनएव्ही जास्त उड्या मारते. कारण त्याच्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. ईटीएफची स्वतःची एनएव्ही सोन्याच्या भावावरून निघते, पण फंड ऑफ फंड आपल्याकडच्या ईटीएफ युनिटांची किंमत एक्सचेंजवरच्या बंद भावाने धरतो. त्या दिवशी बाजारात मागणी उसळून ईटीएफ एनएव्हीपेक्षा एक टक्का वर बंद झाला, तर फंड ऑफ फंडची एनएव्हीही तेवढी फुगते आणि दोन-तीन दिवसांत हा वरचा भाव, म्हणजे प्रीमियम, ओसरला की सोनं जागचं न हलताही ती खाली येते. शिवाय परत जाणाऱ्यांचे पैसे द्यायला फंड थोडी रोकड बाळगतो, ती रोकड सोन्याबरोबर चढत नाही.

आणि इथेच एक गैरसमज फुटतो. ‘फंड ऑफ फंड घेतला की प्रीमियमची चिंता नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. प्रीमियम तिथेही आहेच, फक्त डोळ्यांना दिसत नाही. फुगलेल्या दिवशी तुमचा हप्ता लागला तर फुगलेल्या एनएव्हीनेच युनिटं मिळतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीत हे टोकाला गेलं होतं. चांदीचे ईटीएफ इतके चढ्या प्रीमियमने फिरू लागले की अनेक फंड हाउसनी आपल्या सिल्व्हर फंड ऑफ फंडमध्ये एकरकमी पैसे घेणं काही दिवस थांबवलं. ईटीएफवाल्याला निदान स्क्रीनवर iNAV आणि भाव शेजारी शेजारी दिसतात, तो थांबू शकतो. फंड ऑफ फंडवाल्याला आपण कितीला घेतलं हे दुसऱ्या दिवशी कळतं. धनत्रयोदशीच्या आठवड्यात मोठी रक्कम फंड ऑफ फंडमध्ये टाकू नका एवढंच मी ओळखीच्यांना सांगतो. दरमहाच्या हप्त्यात मात्र एखादा फुगलेला दिवस बाकीच्यांत मिसळून जातो.

विकण्याच्या बाजूला गणित थोडं उलटतं. ईटीएफ विकल्यावर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पैसे ब्रोकरकडे येतात, तिथून बँकेत काढायचे. पण डीमॅटमधून युनिटं बाहेर जाताना डीपी चार्ज लागतो, विकलेल्या रकमेशी त्याचा संबंध नसतो, दर वेळी पंधरा-वीस रुपयांच्या घरात. एक लाख विकताना तो किस झाडकी पत्ती, पण दरमहा तीन-तीन हजारांचं सोनं मोडून खर्च भागवणाऱ्याला तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास जातो. अशा माणसाला फंड ऑफ फंडमधून एसडब्ल्यूपी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम आपोआप काढून घेण्याची सोय, लावणं बरं. तिथे पैसे थेट बँकेत येतात, दोन-तीन कामकाजाचे दिवस लागतात. फक्त एक्झिट लोड, म्हणजे मुदतीआधी काढल्यास कापली जाणारी रक्कम, आधी वाचा. काही योजनांत तो पंधरा दिवसांचा असतो, काहींत वर्षभराचा, आणि एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी मोजली जाते.

या सगळ्यापेक्षा मोठा फरक मला कराच्या रकान्यात दिसला, आणि त्यावर कमी बोललं जातं. ईटीएफ सूचिबद्ध असल्याने १२ महिन्यांनंतरचा नफा दीर्घकालीन, त्यावर १२.५ टक्के. फंड ऑफ फंडची युनिटं सूचिबद्ध नाहीत, तिथे तोच दर मिळायला २४ महिने थांबावं लागतं. त्याआधी विकलं तर नफा तुमच्या स्लॅबने. समजा एप्रिल २०२५ नंतर घेतलेली युनिटं पंधरा महिन्यांनी विकली आणि २० हजार नफा झाला. ३० टक्के स्लॅबवाल्याला सेस सोडून ईटीएफवर २,५०० रुपये कर, फंड ऑफ फंडवर ६,०००. साडेतीन हजारांचा हा फरक लाखामागच्या त्या दीडशे रुपयांना कुठच्या कुठे मागे टाकतो. एक-दोन वर्षांत लग्नकार्यासाठी पैसे लागणार असतील तर उत्तर सरळ ईटीएफ.

माझ्यापुरतं मी आता असं केलंय की दरमहाचा हप्ता फंड ऑफ फंडमध्येच चालू ठेवलाय, कारण ते सोनं दहा वर्षं हलवायचं नाहीये. बोनससारखी एकरकमी रक्कम आली की ती ईटीएफमध्ये, दोन-तीन दिवसांत तुकडे करून, लिमिट लावून. आईच्या नावाने मात्र फक्त फंड ऑफ फंड घेतला. तिचं डीमॅट नाही, आणि केवळ सोन्यासाठी ते उघडून वर्षाचा देखभाल खर्च भरण्यात मला अर्थ दिसला नाही.