प्रपोज कोणी करायचं? विद्यार्थ्यांनी की गाईडनी: स्टेबल मॅचिंग वापरायच्या आधी हे ठरवा

दोन गट आहेत, दोन्हीकडच्या प्रत्येकाकडे समोरच्या गटाची पसंतीक्रमाची यादी आहे आणि जोड्या लावायच्यात, एवढं असेल तर डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी 1962 साली मांडलेली पद्धत वापरा हे आता बहुतेकांना माहीत असतं. पण ही पद्धत एक नाही, दोन आहेत, कारण एका बाजूने प्रपोज करायचं असतं आणि दुसरीने निवडायचं असतं, आणि कोणती बाजू प्रपोज करणार यावर कोणाला काय मिळणार हे बदलतं. तुम्ही विद्यार्थी आणि प्रोजेक्ट गाईड असं काही वाटप करायला बसला असाल तर हा निर्णय फॉर्म काढायच्या आधी घ्या.

पद्धत थोडक्यात अशी. प्रपोज करणारा आपल्या यादीत सगळ्यात वर असलेल्याला विचारतो. समोरच्याकडे जितके प्रस्ताव आले त्यातला सगळ्यात आवडता तो होल्डवर ठेवतो, बाकीच्यांना नकार. होल्ड म्हणजे फायनल नाही, पुढच्या राउंडला अजून चांगला प्रस्ताव आला तर आधीच्याला सोडता येतं. नकार मिळालेला यादीत एक पायरी खाली उतरतो आणि पुन्हा विचारतो. नवीन नकार येणं थांबलं की होल्डवर जे आहेत ते फायनल. प्रत्यक्षात कोणी कोणाला जाऊन विचारत नाही, याद्या एकदाच भरून घ्यायच्या आणि राउंड कॉम्प्युटर चालवतो. एकाच माणसाला दोनदा कोणी विचारत नाही, त्यामुळे दोन्हीकडे n जण असतील तर n² प्रस्तावांच्या आत खेळ संपतोच.

निकाल स्टेबल आहे म्हणजे काय, तर अशी एकही जोडी सापडत नाही की जी आत्ता एकत्र नाहीये पण दोघांनाही आपल्या सध्याच्या जोडीदारापेक्षा एकमेकं जास्त आवडतात. अशी जोडी असली तर ते दोघं परस्पर ठरवून मोकळे होतात आणि तुमच्या वाटपाला काही अर्थ राहत नाही. मी हिला फोडणारी जोडी म्हणतो. कोणाचंही वाटप तपासायचं असेल तर हेच शोधायचं.

आता तीन विद्यार्थी आणि तीन गाईड घेऊ, प्रत्येक गाईडकडे एकच जागा.

```
मीना  : जोशी, कदम, शेख
केदार : कदम, जोशी, शेख
तेजस  : जोशी, शेख, कदम

जोशी : केदार, मीना, तेजस
कदम  : मीना, केदार, तेजस
शेख  : मीना, केदार, तेजस
```

विद्यार्थ्यांनी प्रपोज केलं तर पहिल्या राउंडला मीना आणि तेजस दोघं जोशींकडे जातात, केदार कदमांकडे. जोशी मीनाला होल्ड करतात, तेजसला नकार. तेजस शेखांकडे जातो, तिथे कोणीच नाहीये, झालं. मीना–जोशी, केदार–कदम, तेजस–शेख. मीना आणि केदार दोघांना पहिली पसंती मिळाली, तेजसला दुसरी. पण गाईडच्या बाजूने बघा, जोशींना दुसरी, कदमांना दुसरी आणि शेखांना थेट शेवटची.

आता गाईडना प्रपोज करू द्या. जोशी केदारकडे, कदम आणि शेख दोघंही मीनाकडे. मीना कदमांना ठेवते, शेखांना नकार. शेख केदारकडे जातात, केदारकडे जोशी आहेत आणि ते त्याला शेखांपेक्षा वर आहेत, पुन्हा नकार, मग शेख तेजसकडे. निकाल मीना–कदम, केदार–जोशी, तेजस–शेख. आता जोशी आणि कदमांना पहिली पसंती मिळाली आणि मीना, केदार दोघंही दुसऱ्या पसंतीवर घसरले. तेजस आणि शेख दोन्हीकडे तसेच.

दोन्ही निकाल स्टेबल आहेत, याद्या त्याच आहेत, कोणी चुकलेलं नाही, फरक फक्त सुरुवात कोणी केली याचा. आणि हा योगायोग नाहीये, नेहमी असंच होतं: जी बाजू प्रपोज करते तिच्यातल्या प्रत्येकाला सगळ्या स्टेबल वाटपांमधून मिळू शकणारा सगळ्यात चांगला जोडीदार मिळतो. आधी हे उलटं वाटतं, कारण नकार खाणारी बाजू तीच आणि मस्त बसून निवडणारी बाजू दुसरी, मग फायदा निवडणाऱ्याचा नको का?

कारण बघू. एखादा गाईड एखाद्या विद्यार्थ्याला कुठल्याही एका स्टेबल वाटपात मिळत असेल तर त्याला त्या विद्यार्थ्यासाठी ‘शक्य’ म्हणू. दावा असा की विद्यार्थी प्रपोज करत असताना कुठल्याच विद्यार्थ्याला शक्य गाईडकडून नकार मिळत नाही. समजा मिळतो, आणि असा सगळ्यात पहिला नकार जिथे घडला तिथे थांबू. एका गाईडने सोनलला नकार दिला कारण त्याच्याकडे तिच्यापेक्षा आवडता राहुल होता, आणि तरी कुठल्यातरी दुसऱ्या स्टेबल वाटपात सोनल याच गाईडकडे आहे असं धरू. मग त्या दुसऱ्या वाटपात राहुल कुठेतरी वेगळीकडे असणार, आणि तो वेगळा गाईड राहुलसाठी शक्य आहे. पण आत्तापर्यंत कोणालाच शक्य गाईडकडून नकार मिळालेला नाही, म्हणजे राहुलला त्या दुसऱ्या गाईडने नाकारलेलं नाही, आणि राहुल यादीत वरून खाली येतोय, म्हणजे सध्याचा गाईड त्याच्या यादीत त्या दुसऱ्याच्या वरच असला पाहिजे. राहुलला हा गाईड जास्त आवडतो, गाईडला सोनलपेक्षा राहुल जास्त आवडतो, म्हणजे त्या दुसऱ्या वाटपात हे दोघं फोडणारी जोडी झाले आणि ते वाटप स्टेबल नव्हतंच. दावा सिद्ध. विद्यार्थ्याला मिळणारे सगळे नकार हे जिथे त्याचं कुठल्याच स्टेबल वाटपात जमणार नव्हतं तिथलेच असतात, म्हणून तो जिथे थांबतो ती त्याची सगळ्यात चांगली शक्य जागा. किती सुंदर आहे हे, एका ‘पहिल्या नकारावर’ बोट ठेवलं की सगळं उलगडतं.

दुसऱ्या बाजूची गोष्ट यातूनच निघते आणि ती कडू आहे. समजा एखाद्या गाईडला दुसऱ्या कुठल्यातरी स्टेबल वाटपात याहून नावडता विद्यार्थी मिळतो. मग आत्ता त्याच्याकडे असलेला विद्यार्थी त्या वाटपात कुठेतरी दुसरीकडे, म्हणजे स्वतःच्या सगळ्यात चांगल्या शक्य जागेच्या खालीच असणार, आणि हे दोघं लगेच फोडणारी जोडी होतील. म्हणजे निवडणाऱ्या बाजूला सगळ्या स्टेबल पर्यायांमधला सगळ्यात वाईट जोडीदार मिळतो. प्रत्येकाला. शेवटच्या क्षणी आलेला चांगला प्रस्ताव उचलता येतो हे खरं, पण स्वतःहून कोणाला विचारता येत नाही.

दुसरा फरक मला जोडीदाराच्या फरकापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे यादी खरी भरावी की नाही. प्रपोज करणाऱ्या बाजूला, प्रत्येकाला एकच जागा हवी असेल तर, खोटी यादी भरून काहीही फायदा होत नाही, हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सिद्ध झालेलं आहे. निवडणाऱ्या बाजूला मात्र होऊ शकतो. वरच्याच याद्या घ्या, गाईड प्रपोज करतायत, आणि मीनाने मुद्दाम दुसरी-तिसरी पसंती उलटी टाकली: जोशी, शेख, कदम. आता कदम आणि शेख तिच्याकडे आले की ती शेखांना ठेवते आणि कदमांना नकार देते. कदम केदारकडे जातात, ती त्याची पहिली पसंती, तो जोशींना सोडतो. जोशी मोकळे झाले, त्यांच्या यादीत पुढचं नाव मीना, आणि मीना शेखांना सोडून जोशींना घेते. खोटं बोलून तिला पहिली पसंती मिळाली.

पण केदारची यादी जोशी, कदम, शेख अशी असती तर? कदमांना केदारनेही नकार दिला असता, ते तेजसकडे गेले असते आणि मीना शेखांकडेच अडकली असती, खरी यादी भरून कदम मिळाले असते ते सोडून. म्हणजे गाईड-प्रपोज पद्धतीत विद्यार्थ्याने यादी भरताना बाकीच्यांच्या याद्यांचा अंदाज बांधत बसायचं, आणि ज्याला आतली माहिती आहे त्याचं फावणार. विद्यार्थी-प्रपोजमध्ये हीच संधी गाईडकडे जाते, जोशींनी मीना आणि तेजस यांची अदलाबदल केली तर त्यांना केदार मिळतो, करून बघा. स्टेबल निकालही हवा आणि दोन्ही बाजूंना कायम खरं बोलणंच फायद्याचं असावं, अशी पद्धत असूच शकत नाही, हे ॲल्विन रॉथ यांनी 1982 मध्ये दाखवलं. तेव्हा संधी कोणाकडे राहू द्यायची एवढंच तुमच्या हातात आहे.

ज्यांना सल्ला द्यायला कोणी नाही, ज्यांची संख्या जास्त आहे आणि जे एकदाच या प्रक्रियेतून जातात त्यांना प्रपोज करू द्या असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत डॉक्टरांना रेसिडेन्सीच्या जागा देणारी राष्ट्रीय मॅच 1950 च्या दशकापासून चालू आहे, तिची जुनी पद्धत हॉस्पिटलच्या बाजूने प्रपोज करण्यासारखीच होती हे रॉथ यांनी 1984 मध्ये दाखवलं, आणि 1998 च्या मॅचपासून उमेदवाराच्या बाजूने चालणारी नवीन पद्धत वापरात आली. मात्र आधीच्या वर्षांच्या याद्या दोन्हीकडून चालवून बघितल्या तेव्हा साधारण हजारात एका उमेदवाराचाच निकाल बदलत होता. याद्या छोट्या असतात, चांगलं कोण यावर बऱ्याच जणांचं एकमत असतं, त्यामुळे स्टेबल पर्यायच फार उरत नाहीत.

म्हणून तुमच्याकडे गेल्या वेळच्या याद्या असतील तर दोन्ही बाजूंनी चालवून बघा. निकाल तंतोतंत सारखा आला तर त्या याद्यांना एकच स्टेबल वाटप आहे आणि भांडायला काही उरत नाही. निकाल वेगळा आला तर ज्यांची नावं बदलली त्यांची यादी काढा, वाद त्यांच्यापुरताच आहे. आणि कोणाला काहीच मिळालं नाही अशी नावं असतील तर ती दोन्हीकडे तीच येतील, बाजू बदलून एकही जास्त माणूस सामावला जात नाही, त्यामुळे ‘आमची पद्धत घ्या, कमी लोक रिकामे राहतील’ असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे.

गाईडकडे प्रत्येकी चार-पाच जागा असतील तर विद्यार्थी-प्रपोजची बाजू अजून जड होते. विद्यार्थी प्रत्येकी एकच जागा घेतो, त्यामुळे त्याची खरं बोलण्याची हमी तशीच टिकते, पण अनेक जागा असलेल्या गाईडला स्वतः प्रपोज करूनही ती हमी मिळत नाही. आणि दोन विद्यार्थी ‘आम्हाला एकत्रच ठेवा’ अशी जोडयादी देणार असतील तर थांबा, तिथे स्टेबल वाटप कधीकधी असतच नाही, कोणीही प्रपोज केलं तरी.